प्रूफ पाहून कळवा

वैशाखातल्या लग्नसराईची चाहूल आमच्या कराडच्या छापखान्याला पोस्टकार्डांनी लागायची. पाटण, ढेबेवाडी, उंब्रज, मसूर, तारळे अशा गावांहून कार्डं यायची आणि मजकूर बहुतेकांचा एकाच वळणाचा असायचा. ‘मुलीचे लग्न वैशाख व. ५ शनिवारी आमचे दारी योजिले आहे. पत्रिका ३०० छापून एस. टी. ने पाठविणे. मागे थोरलीचे वेळी छापली तशीच करणे. वराचे नाव व गाव मागील बाजूस लिहिले आहे. कळावे.’ बस्स. मुहूर्ताची वेळ नाही, निमंत्रक कोण ते नाही, कागद कसला, शाई कोणती, माथ्यावर गणपती हवा की कुलदेवता, काही नाही. लिहिणाऱ्याच्या मते मात्र सगळं लिहून झालेलं असे. त्याच्या डोळ्यांपुढे थोरलीची पत्रिका होती, दारातला मांडव होता, पाहुण्यांची यादी होती. त्या चित्रातलं जे नवीन होतं तेवढंच त्याने कार्डावर उतरवलेलं असायचं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, ते कार्ड घेऊन उजेडात बसायचे. एकदा वाचायचे, उलटं करून शिक्का बघायचे, पुन्हा वाचायचे. प्रश्न विचारायची सोय नव्हती असं नाही. जोडकार्ड मिळायचं, उत्तराचं अर्धं कार्ड आधीच जोडलेलं. पण ते कार्ड जाऊन उत्तर परत येईपर्यंत चार-पाच दिवस मोडायचे, आणि लग्नघरातल्या माणसाला पुन्हा कागद-पेन घेऊन बसायला लागायचं ते वेगळंच. एका प्रश्नाला इतकी किंमत पडत असली की माणूस विचारण्याआधी शोधतो. छापखान्यातले ते दिवस आठवले की मला पहिली आठवते ती ही शोधाशोध.

शोधायला तीन जागा होत्या. पहिली भिंतीवरचं पंचांग. वैशाख वद्य पंचमी लिहिली की इंग्रजी तारीख तिथून मिळे. वार जुळतो का तेही बघता येई, आणि नाही जुळला तर कुठेतरी गफलत आहे हे तिथेच कळायचं. दुसरी जागा नमुन्यांची फाइल. छापलेल्या प्रत्येक पत्रिकेची एक प्रत अण्णा भोक पाडून दोऱ्यात ओवून ठेवत, आणि प्रतीच्या पाठीवर पेन्सिलीने गिऱ्हाइकाचं गाव, प्रतींची संख्या, कागद आणि पैसे मिळाल्याची खूण. ‘थोरलीच्या वेळची’ पत्रिका त्या दोऱ्यात सापडायचीच. तिच्यावरून निमंत्रकांची नावं, त्यांचा क्रम, कुलदैवत, घराण्यात ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ लिहितात की दुसरं काही, सगळं मिळायचं. तिसरी जागा म्हणजे माणसं. बाजारच्या दिवशी त्या गावचं कुणी ना कुणी कराडात असायचंच. अण्णा त्याला चहा पाजत आणि बोलता बोलता विचारत, ‘पाहुण्यांकडं लगीन हाय न्हवं? सकाळचं का गोरजाचं?’ त्या माणसाला आपल्याला काही विचारलं गेलं असं वाटतही नसे.

एवढं झालं की कार्ड आमच्या कंपोझिटरकडे जायचं. त्यांना सगळे मामा म्हणत. मामा केससमोर उभे राहून डाव्या हातातल्या स्टिकमध्ये खिळे जुळवत. देवनागरीच्या केसचे कप्पे इतके की नवीन पोराला नुसते पाठ करायलाच महिने लागायचे. मामांचा हात न बघता जायचा. जुळलेल्या ओळी गॅलीवर उतरवायच्या, भोवती सुतळी घट्ट आवळायची, वरून शाईचा रूळ फिरवायचा, ओलसर कागद ठेवून दाबायचा. झालं प्रूफ. अण्णा त्यावर निळ्या पेन्सिलीने दोन-तीन ठिकाणी गोल काढत. एका गोलाशेजारी ‘मुहूर्त १२ वा. ३५ मि. असे ऐकले, तेच धरले’. दुसऱ्याशेजारी ‘मागील पत्रिकेप्रमाणे’. आणि तळाशी ठरलेली ओळ: ‘प्रूफ पाहून कळवा. शनिवारपर्यंत पत्र न आल्यास असेच छापतो.’ ते प्रूफ गावाकडे जाणाऱ्या एस. टी.च्या ड्रायव्हरकडे दिलं जायचं.

आज इतक्या वर्षांनी मला वाटतं, त्या निळ्या गोलांत एक मोठी समज होती. लग्नघरातल्या माणसाला ‘मुहूर्त किती वाजता? निमंत्रक कोण? माथ्यावर काय?’ असं विचारलं असतं तर त्याला प्रत्येक उत्तर स्वतः रचावं लागलं असतं. प्रूफ हातात पडल्यावर त्याला रचायचं काहीच नव्हतं. वाचायचं, आणि चुकलं असेल तिथे फुली मारायची. अक्षरओळख बेताची असलेला माणूससुद्धा ‘माझ्या मेव्हण्याचं नाव आत्याच्या मालकांच्या खाली कसं?’ हे क्षणात सांगायचा. निमंत्रकांचा क्रम सांगा म्हटलं असतं तर हाच माणूस तासभर अडला असता.

आणि तरीही अण्णा काही गोष्टी विचारतच. त्याचं गणित खिळ्यांचं होतं. एखादं अक्षर चुकलं तर मामा चिमट्याने खिळा उपसून दुसरा बसवत, दोन मिनिटांचं काम. पण निमंत्रकांत चार नावं वाढली तर सुतळी सोडून अख्खा मजकूर खाली सरकवायला लागायचा, कधी पत्रिकेचं मापच बदलायचं. कागद एकदा कापला की कापला. तीनशे प्रती ट्रेडलवरून निघून खिळे पुन्हा केसच्या कप्प्यांत टाकले की पन्नास वाढवून द्या म्हणणाऱ्यासाठी सगळं पहिल्यापासून जुळवायला लागायचं. म्हणून प्रती किती, आणि नावं यापेक्षा वाढणार आहेत का, हे दोन प्रश्न ते जोडकार्ड घालून विचारत. शाई, वेलबुट्टी, अक्षराचा आकार हे त्यांनी गिऱ्हाइकाला विचारल्याचं मला आठवत नाही. ते त्यांचं काम होतं.

त्या जागेत आता माझ्या पुतण्याचं डिजिटल छपाईचं दुकान आहे. ट्रेडल भंगारात गेलं, खिळे वजनावर गेले. पत्रिका संगणकावर होते, मापं क्षणात बदलतात, प्रती हव्या तेव्हा हव्या तेवढ्या निघतात. म्हणजे चुकल्याची किंमत पूर्वीच्या मानाने जवळपास राहिलेलीच नाही. नावं वाढली तर मजकूर आपोआप सरकतो. विचारावंच लागेल असं फार थोडं उरलंय. पण विचारण्याची किंमतही शून्यावर आली, आणि त्यामुळे प्रश्न वाढले. हा उलटा हिशेब मी दुकानात बसून रोज पाहते.

पोस्टकार्ड गेलं, मेसेज आला. मजकूर मात्र तोच राहिला. ‘दादा पत्रिका करायचीय. २००. मागच्या सारखीच. लवकर द्या.’ सोबत वहीच्या कागदावर लिहिलेल्या नावांचा फोटो. यावर दुकानातल्या पोराकडून जे जातं ते असं: ‘साइज काय?’ थोड्या वेळाने ‘सिंगल कार्ड की फोल्डिंग?’ मग ‘जीएसएम किती?’, ‘मॅट की ग्लॉसी?’, ‘फॉन्ट कोणता?’, ‘पाकीट हवं का?’, ‘लोकेशनचा क्यूआर टाकायचा का?’, ‘फोटो?’ सुटे सुटे मेसेज, दिवसभर. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. नंतर कुणी ‘असं का केलं?’ म्हणू नये म्हणून तो आधीच सगळं पक्कं करून घेऊ बघतो. त्याला वाटतं, आपण नीट काम करतोय.

समोरच्याकडे काय होतं ते उत्तरांवरून वाचता येतं. पहिल्या प्रश्नाला पूर्ण वाक्य येतं. दुसऱ्याला दोन शब्द. तिसऱ्या-चौथ्याला ‘हो’. मग ‘तुम्हीच बघा’. मग नुसता अंगठा. त्यानंतर निळ्या खुणा दिसतात आणि उत्तर येत नाही. संध्याकाळी फोन येतो तो ‘राहू दे, इथंच जवळ एकाकडं टाकलीय’ असा. या सगळ्यात ‘तुम्हीच बघा’ हा टप्पा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. गिऱ्हाईक तिथे रागावलेलं नसतं, ते आपला अधिकार तुमच्या हाती देत असतं. त्या क्षणी प्रश्न थांबवून काहीतरी दाखवायला हवं. पोरं नेमका तिथेच पुढचा प्रश्न टाकतात.

माणूस चिडतो तो का? मोघम मेसेज लिहिणारा आळशी असतो, हे मला पटत नाही. त्याने काम दिलं ते डोक्यावरचं ओझं कमी व्हावं म्हणून. मांडववाला, आचारी, बस्ता, भटजी या सगळ्यांत पत्रिका ही एक गोष्ट तरी सुटली असं म्हणून त्याने मेसेज पाठवला, आणि दर प्रश्नासरशी ती गोष्ट तुकड्यातुकड्याने त्याच्याकडे परत येते. प्रश्न लहान दिसतो, पण त्यामागे निर्णय असतो. ‘मॅट की ग्लॉसी’ याचं उत्तर द्यायला आधी त्याला मॅट म्हणजे काय ते विचारावं लागतं, आणि ते विचारताना आपण अडाणी ठरतोय असं वाटतं. कधी उत्तर त्याने दिलेलंच असतं. ‘मागच्या सारखीच’ म्हटल्यावर साइज विचारणं म्हणजे तुमचं लिहिलेलं आम्ही वाचलंच नाही असं सांगणं. आणि प्रश्न सुटे आले की अजून किती उरलेत ते त्याला कळत नाही. समोरासमोर दहा प्रश्न विचारले तरी कुणाला काही वाटत नसे, कारण हातात नमुन्यांचं पुस्तक असायचं, बोट ठेवलं की उत्तर झालं, आणि उठायची वेळ आली की प्रश्नही संपत. फोनवर ते संपणं दिसत नाही.

याला शास्त्राचाही आधार आहे. बोलताना एखादी गोष्ट कळली नाही तर माणसं ती कशी सावरून घेतात, याचा मार्क डिंगेमान्से आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ भाषांमध्ये अभ्यास केला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. घरगुती गप्पांचं ध्वनिचित्रमुद्रण करून त्यांनी मोजलं, तर सरासरी दर १.४ मिनिटाला कुणीतरी कुणाला थांबवून खुलासा मागत होतं. म्हणजे विचारणं हे मुळात त्रासाचं नाही, ते चालू बोलण्याचाच भाग आहे. पण विचारण्याच्या तऱ्हा वेगळ्या. ‘आं?’ ही सगळ्यात ढोबळ. ‘कोण आलं?’ ही जरा नेमकी. ‘म्हणजे तुझी धाकटी मावशी आली?’ ही सगळ्यात नेमकी, कारण तिच्यात विचारणाऱ्याने आपल्याला कळलेलं समोर ठेवलेलं असतं. या सगळ्या भाषांत असं दिसलं की माणसं शक्य असेल तेव्हा जास्तीत जास्त नेमकी तऱ्हा वापरतात. विचारणारा स्वतः थोडं जास्त कष्ट घेतो आणि सांगणाऱ्याचे कष्ट वाचवतो. अण्णांचं प्रूफ हे या तिसऱ्या तऱ्हेचं विचारणं होतं, कागदावर केलेलं. ‘साइज काय?’ हा मेसेज फार तर दुसऱ्या तऱ्हेचा.

२०२६च्या मार्चमधलं एक काम सांगते, कारण त्यात बहुतेक सगळं आलं. पुतण्याला मेसेज आला तो वर लिहिला तसाच, ‘मागच्या सारखीच, २००’. फोटोतल्या कागदावर वधूवरांची नावं, कार्यालयाचं नाव, आणि ‘शुक्रवार २४/५, सकाळी ११.४०’. दुकानातलं पोर प्रश्नांची माळ सुरू करणार एवढ्यात पुतण्याने त्याला थांबवलं आणि दोघं माझ्याजवळ येऊन बसले.

आधी आम्ही ‘मागची’ शोधली. गिऱ्हाइकाचा नंबर संगणकावर घातला. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या मोठ्या मुलाची पत्रिका आमच्याकडेच झाली होती. माप, कागद, पाकीट, रंग, मराठी मजकूर, माथ्यावरचं कुलदैवत, सगळं त्या एका फाइलमध्ये मिळालं. पोर विचारणार होतं त्यातले सहा-सात प्रश्न तिथेच गळाले. कार्यालयाचा पत्ता नकाशावरून घेतला.

मग तारीख. कॅलेंडर उघडलं तर २४ मे २०२६ हा रविवार निघाला. शिवाय त्या वेळी अधिक ज्येष्ठ चालू असतो, १७ मेपासून १५ जूनपर्यंत, आणि अधिक महिन्यात आपल्याकडे लग्नं करत नाहीत. महिना एक मागे घेऊन पाहिला. २४ एप्रिल शुक्रवारी येत होता. घाईत चारच्या जागी पाच पडला असणार, हे जवळजवळ नक्की. पण जवळजवळच. पत्रिकेवर तारीख चुकीची छापली गेली तर दोनशे प्रती रद्दी, आणि त्या वाटून झाल्या असल्या तर त्याहून वाईट. हे विचारायलाच हवं होतं. प्रश्न होता तो कसं विचारायचं याचा. ‘लग्नाची तारीख कन्फर्म करा’ असं लिहिलं असतं तर समोरून ‘कागदावर आहे ना’ एवढंच आलं असतं, आणि तेही जरा तिरसटपणे.

राहिलं निमंत्रकांचं. मागच्या पत्रिकेत सगळ्यात वर आजोबांचं नाव होतं. या वेळच्या कागदावर ते नव्हतंच. नाव विसरलं असेल, फोटोत कागदाची वरची कड कापली गेली असेल, किंवा आजोबा या सहा वर्षांत गेले असतील. इथे अंदाज चालत नाही. प्रूफवर ‘श्री.’ टाकलं आणि आजोबा नसले तर लग्नघरात डोळ्यांत पाणी. ‘कै.’ टाकलं आणि ते खुर्चीत बसून पेपर वाचत असले तर त्या घरात पुन्हा पाऊल ठेवायला नको. नाव गाळून प्रूफ पाठवलं तर आणखी एक घोटाळा. प्रूफ वाचणारा माणूस जे छापलंय ते तपासतो, जे नाहीच ते त्याच्या नजरेत येत नाही. राहिलेलं नाव हमखास सापडतं ते पत्रिका वाटल्यावर, आणि तेही ज्याचं राहिलं त्यालाच.

पुतण्याला मी म्हटलं, हे मेसेजवर विचारू नकोस, फोन कर, आणि ‘आजोबा आहेत का’ असंही विचारू नकोस. त्याने फोनवर एवढंच विचारलं, ‘काका, पत्रिकेवर सगळ्यात वर कुणाचं नाव घ्यायचं?’ पलीकडून क्षणभर थांबून उत्तर आलं, ‘वडील गेले दोन वर्षांमागं. पण नाव त्यांचंच वर पाहिजे. आशीर्वादात घ्या.’ मग ते स्वतःहून आणखी बोलले, चुलत्यांचं नाव या वेळी घ्यायचंय, ते कागदावर राहिलं होतं. असं बोलणं मेसेजवर कधीच आलं नसतं.

तासाभरात प्रूफ तयार झालं आणि त्यासोबत एकच मेसेज गेला. तो असा होता: ‘काका, नमस्कार. दादांची पत्रिका सापडली, त्याच मापात आणि त्याच कागदावर केली आहे. प्रूफ सोबत आहे. कागदावर शुक्रवार २४/५ लिहिलंय, पण २४ मे रविवार येतो आणि अधिक महिना आहे. शुक्रवार २४ एप्रिलला येतो, म्हणून एप्रिल धरलाय. बरोबर आहे ना? पिवळ्या रंगातलं तेवढं आम्ही आमच्या मनाने धरलंय, ते नजरेखालून घाला. पाकिटं पण २०० धरली आहेत. उद्या दुपारपर्यंत ‘छापा’ म्हणालात तर सोमवारी पत्रिका तयार.’ उत्तर वीस मिनिटांत आलं. ‘हो एप्रिलच. चुलतीचं नाव सौ. लावा. पाकीट २२० करा. छापा.’

या मेसेजमध्ये अण्णांचे निळे गोल पिवळे झाले, एवढाच फरक. पण पिवळं केलेलं दिसणं फार गरजेचं आहे. मुकाट्याने धरलेला अंदाज हा सगळ्यात धोक्याचा. आमच्या मामांना गावांची नावं तोंडपाठ, आणि त्या भरात ते कधीकधी गिऱ्हाइकाने लिहिलेलं गाव परस्पर ‘सुधारत’. एकदा ‘काले’चं ‘काळे’ झालं, प्रूफवर गोल नव्हता, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही. शेवटी शाळकरी पोरांना बसवून प्रत्येक पत्रिकेवर चिठ्ठी चिकटवायला लागली. जुन्या काळात सगळं छान होतं असं म्हणायला मी तयार नाही. तेव्हा गिऱ्हाईक छापखान्याच्या मालकाला दबून असे, चुकलेलं पुष्कळदा तसंच गोड मानून घेत असे. ओळखीपाळखीमुळे जे प्रश्न वाचायचे ते ओळख नसलेल्याच्या वाट्याला दुप्पट यायचे. आणि अण्णांच्या डोक्यात जी माहिती होती ती त्यांच्याबरोबर गेली.

म्हणून हल्ली पुतण्याने एक सवय लावून घेतली आहे. काम पुरं झालं की गिऱ्हाइकाच्या नंबराखाली चार ओळी लिहून ठेवायच्या: माप आणि कागद, प्रती आणि पाकिटं, निमंत्रकांचा क्रम, आणि या वेळी काय बदलायला लावलं ते. ही शेवटची ओळ सगळ्यात उपयोगाची. ज्याने एकदा पाकिटं वीस जास्त मागितली तो पुढच्या वेळीही मागतो. तेव्हा पुढच्या प्रूफवर आधीच २२० लिहून पिवळं करायचं. नमुन्यांच्या पाठीवरची अण्णांची पेन्सिल याहून वेगळं काही करत नव्हती.

अडचण उरते ती पहिल्यांदा येणाऱ्याची. त्याची ‘मागची’ आपल्याकडे नसते, आणि ‘छान करा’ एवढंच तो लिहितो. तिथे एकही प्रश्न न विचारता चालत नाही, पण दोनांवर जाऊ द्यायचं नाही. पहिला प्रश्न प्रती किती आणि कधीपर्यंत, कारण त्यावर कागद आणि भाव दोन्ही ठरतात. हे दोन भाग एकाच वाक्यात विचारले की एकाच उत्तरात येतात. दुसऱ्या प्रश्नाऐवजी त्याच्याच मजकुराच्या दोन पत्रिका करून पाठवायच्या. एक साधी, एका पानाची, स्वस्तातली; दुसरी घडीची, पाकिटासकट; दोन्हींवर भाव लिहिलेला. जीएसएम, मॅट, फॉन्ट हे शब्द त्यात कुठेही यायला नकोत. ‘दुसरी, पण रंग पहिलीचा’ असं काहीतरी उत्तर येतं, आणि त्या चार शब्दांत बारा प्रश्नांची उत्तरं असतात. दोन्हींपैकी एकही आवडली नाही तर तेही कळतं, आणि मग मात्र फोन उचलून पाच मिनिटं नीट बोलायचं. संगणकावर दुसरी पत्रिका करायला पुतण्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. मामांना दुसरी जुळवायला अर्धा दिवस लागला असता, म्हणून अण्णांना हे कधी जमलं नाही.